लसावि सांगतो ती वेळ वेगळी

“दोघे धावपटू गोल ट्रॅकवर एकाच रेषेवरून, एकाच दिशेने सुटले. एकाची फेरी 60 सेकंदांची, दुसऱ्याची 100. लसावि 300, म्हणजे पहिला दुसऱ्याला एका फेरीने 300 व्या सेकंदाला गाठणार ना?”

नाही, 150 व्या सेकंदाला. लसावि सांगतो ते दोघे पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर एकत्र येण्याची वेळ. गाठायला हवी ती फक्त पूर्ण एका फेरीची आघाडी, मग जागा कुठलीही असो. 300 सेकंदांत पहिल्याच्या 5 फेऱ्या होतात, दुसऱ्याच्या 3. आघाडी 2 फेऱ्यांची. म्हणून एका फेरीची आघाडी निम्म्या वेळात मिळते. तेव्हा फेऱ्या झालेल्या असतात अडीच आणि दीड, म्हणजे भेट रेषेच्या बरोबर समोरच्या बाजूला.

गैरसमज टिकतो तो 80 आणि 100 सेकंदांसारख्या उदाहरणांमुळे. तिथे 400 सेकंदांत 5 आणि 4 फेऱ्या होतात, फरक नेमका 1, आणि लसाविचं उत्तर योगायोगाने जुळतं.