प्लॅन वाढवायच्या आधी एकदा पिंग बघा

कोपरखैरणे, घणसोली, महापे आणि वाशीतल्या आमच्या ग्राहकांसाठी

"स्पीड टेस्टला तीनशे दाखवतंय, तरी सॉफ्टवेअर रेंगाळतंय. लाइन तुमचीच खराब आहे." हा फोन आम्हाला सारखा येतो. आमचा माणूस जातो, फायबरचं टोक साफ करतो, राउटर बदलून बघतो. अर्धा दिवस मोडतो आणि सॉफ्टवेअर तसंच रेंगाळत राहतं. अशा बऱ्याच घरांत आणि ऑफिसांत बिघाड कुठेच नसतो. सर्व्हर लांब असतो, एवढंच.

वाशीतल्या एका अकाउंट्सच्या ऑफिसचं उदाहरण सांगतो. त्यांचा क्लायंट लंडनचा, सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालणारं, सर्व्हरही लंडनमध्ये. एक बिल सेव्ह करायला जवळजवळ पाच सेकंद लागायचे. त्यांनी १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून घेतला. कशासाठी हवाय, हे तेव्हा आम्हीही विचारलं नाही. ती चूक आमची. पाच सेकंदांचे पाचच राहिले.

का, ते साध्या भागाकारात आहे: वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, पण काचेच्या तंतूत तो मंदावतो आणि साधारण दोन लाखांवर येतो. म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. निरोप जाऊन उत्तर परत यायचं असतं, म्हणून सोपा हिशेब असा धरा की दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे ७२ मिलिसेकंद. याच्या खाली कोणीही, कितीही पैसे घेऊन, फायबरवर आणून देऊ शकत नाही.

त्या ऑफिसात पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, प्रत्यक्षात ११५ मिलिसेकंद येत होता. केबल विमानासारखी सरळ जात नाही. अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रात, मग इजिप्तची जमीन ओलांडून भूमध्य समुद्रात, तिथून युरोपच्या किनाऱ्यावर आणि पुढे जमिनीवरून लंडनला, असा तो फेरा आहे. वाटेतल्या यंत्रांचाही थोडा वेळ जातो. त्यामुळे ११५ हा त्या वाटेसाठी चांगलाच आकडा होता.

मग पाच सेकंद कुठून आले? ब्राउझरमध्ये F12 दाबून नेटवर्कचा भाग उघडला, तर एक बिल सेव्ह होताना सॉफ्टवेअर सर्व्हरला एकामागून एक चाळीस वेळा काहीतरी विचारत होतं. पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसरा प्रश्न नाही. चाळीस गुणिले ११५, म्हणजे ४,६०० मिलिसेकंद. सगळा मिळून डेटा होता जेमतेम ४० केबी. तो १०० च्या प्लॅनवर वाहून न्यायला ३ मिलिसेकंद लागतात, ३०० च्या प्लॅनवर १. तेवढा प्लॅन वाढवून त्यांचे दोन मिलिसेकंद वाचले! एमबीपीएस म्हणजे रस्त्याची रुंदी. मोठी फाइल किंवा चार जणांचे व्हिडिओ असतील तर ती कामाला येते. रस्ता रुंद केला म्हणून लंडन जवळ येत नाही.

शेवटी त्यांच्या क्लायंटने लंडनमध्येच, सर्व्हरशेजारी, एक रिमोट डेस्कटॉप दिला. आता ते चाळीस प्रश्न तिथल्या तिथे सुटतात आणि इकडे फक्त पडद्यावरचं चित्र येतं. टाइप करताना किंचित मागे पडल्यासारखं वाटतं, पण बिल सेकंदाच्या आत सेव्ह होतं. आम्ही त्यांना परत १०० च्या प्लॅनवर आणलं.

तर आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही: ग्राहक स्पीड टेस्टचा आकडा दाखवतात. स्पीड टेस्ट आपणहून जवळचा सर्व्हर निवडते, म्हणजे बहुधा मुंबईतलाच. त्यातले ३ मिलिसेकंद लंडनबद्दल काहीच सांगत नाहीत. एका ग्राहकाने तर अमेरिकन कंपनीच्या वेबसाइटला पिंग करून दाखवलं, "हे बघा, अमेरिका ३ मिलिसेकंदांत!" वरचा हिशेब लावा: ३ मिलिसेकंदांत जास्तीत जास्त ३०० किलोमीटर. उत्तर देणारं यंत्र अमेरिकेत असूच शकत नाही. मोठ्या वेबसाइटच्या प्रती इथल्याच डेटा सेंटरमध्ये ठेवलेल्या असतात. ज्या सर्व्हरवर तुम्ही खरंच काम करता, त्याचाच पत्ता घ्या. तो सॉफ्टवेअरवाल्याकडून मिळतो.

मग राउटरला लॅन केबल लावा (वायफायवर नको) आणि विंडोजमध्ये हे चालवा:

```
ping -n 20 सर्व्हरचा-पत्ता
```

शेवटच्या ओळीत तीन आकडे येतात: `Minimum`, `Maximum`, `Average`. लोक सरासरी बघतात. आम्ही आधी मिनिमम बघतो. अंतर कायम तेवढंच असतं, म्हणून ते मिनिमममध्ये दिसतं. मिनिमम ११४ आणि मॅक्सिमम १२१ असेल, तर लाइन ठणठणीत आहे, सर्व्हर लांब आहे. मिनिमम ११४ आणि मॅक्सिमम ६००, तर कुठेतरी रांग लागते आहे: घरात कोणी मोठं डाउनलोड लावलंय किंवा आमच्याकडे गर्दी आहे. तेव्हा जरूर फोन करा, ते काम आमचं. सगळीकडे `Request timed out` आलं आणि सॉफ्टवेअर मात्र उघडतंय, तर घाबरू नका. काही सर्व्हर पिंगला उत्तर देतच नाहीत.

तिसरा प्रकार म्हणजे मिनिममच एका रात्रीत वाढतो आणि तिथेच स्थिर राहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल्स तुटल्या, तेव्हा युरोपकडची वाहतूक दुसऱ्या वाटांनी वळवावी लागली. उलट बाजूने, म्हणजे सिंगापूर, पॅसिफिक, अमेरिका, अटलांटिक करत लंडन गाठायचं, तर सरळ रेषांची बेरीजच २७,००० किलोमीटरच्या वर जाते. म्हणजे २७० मिलिसेकंदांहून जास्त. अशा वेळी तुमच्या सोसायटीच्या डक्टमध्ये आमचा माणूस काय दुरुस्त करणार?

कर्जत-मुरबाडला फार्महाउस असलेले सॅटेलाइटबद्दल विचारतात. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. प्रश्न वर-खाली, उत्तर वर-खाली, असे चार टप्पे मिळून सुमारे १,४३,००० किलोमीटर. इथे वेग पुरा तीन लाखांचा मिळतो, तरी ४७७ मिलिसेकंद हवेतच जातात. साडेपाचशे किलोमीटरवरच्या उपग्रहांना तेच चार टप्पे जेमतेम साडेसात मिलिसेकंदांत होतात. प्रत्यक्षात पिंग त्याच्या काही पट येतो. तेव्हा विकणाऱ्याला आधी उपग्रहाची उंची विचारा. आम्ही सॅटेलाइट विकत नाही. फायबर पोचत असेल तर फायबरच घ्या असं म्हणू, आणि त्यात आमचा स्वार्थ आहे हेही मान्य.

ज्यांचं रोजचं काम परदेशी सर्व्हरवर आहे, त्यांना आम्ही जोडणीआधी दोन दिवसांची चाचणी लाइन देतो. आमच्याकडे बाहेर जायला दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाटा आहेत. तुमच्या सर्व्हरला ज्या वाटेने मिनिमम कमी येईल, त्या वाटेवर तुम्हाला ठेवतो. याचे महिन्याला थोडे जास्त पडतात, आणि फरक पाच मिलिसेकंदांचाच निघाला तर घेऊ नका असं आम्हीच सांगतो.

तक्रार करताना "स्लो आहे" एवढंच लिहू नका. सर्व्हरचा पत्ता, तो कुठल्या शहरात आहे, आणि पिंगच्या शेवटच्या ओळीचा फोटो, एवढं ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर टाका. माणूस पाठवायचा की नाही, ते आम्ही त्यावरूनच ठरवतो.