पहिलं नाव कुणाचं आणि चांदणी कुणाची

चवथीला डिचोलीला घरी गेले, तेव्हा मावसबहिणीच्या मुलीचा पहिला पेपर प्रिंट काढून पाहुण्यांत फिरत होता. मामांनी चष्मा वर करून पहिलं पान नीट पाहिलं आणि विचारलं, "बाय, तुझं नाव पहिलं, पण चांदणीची खूण सरांच्या नावावर. मग पहिला नंबर नेमका कुणाचा?" सगळे हसले. मुलगी मात्र गप्प राहिली. नंतर स्वयंपाकघरात तिने हळूच विचारलं, "मावशी, खरंच गं, त्याचा अर्थ काय होतो?" पेपर छापून आला होता आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. यात तिला हसण्यासारखं काही नाही. पीएचडी संपवलेले कितीतरी जण इथेच अडखळतात.

पहिलं नाव कामाबद्दल सांगतं. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, समुद्रविज्ञान अशा विषयांत ज्याने कामाचा सर्वांत मोठा वाटा उचलला आणि बहुधा पहिला मसुदाही लिहिला, त्याचं नाव आधी येतं. प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं नाव तिथे बरेचदा शेवटी असतं आणि त्या शेवटच्या जागेलाही मान असतो. दुसरे लोक संदर्भ देताना "अमुक आणि इतर" असं लिहितात, तेव्हा दिसतं ते फक्त पहिलं नाव. म्हणून त्याच्यासाठी भांडणं होतात. पण ही रीत सगळीकडे नाही. गणितात आणि बऱ्याच अंशी अर्थशास्त्रात नावं इंग्रजी वर्णक्रमाने लागतात. तिथे आमोणकर कायम वेर्णेकरांच्या आधी येणार, आणि त्यावरून कुणी किती काम केलं हे काहीच कळणार नाही.

चांदणी, किंवा काही जर्नलांत पाकिटाचं चिन्ह, जबाबदारीबद्दल सांगते. हा करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने त्याची कामं सांगून ठेवली आहेत: पेपर पाठवणं, परीक्षकांच्या शंका हाताळणं, सर्व लेखकांची माहिती, नैतिक समितीची मंजुरी आणि हितसंबंधांची निवेदनं नीट पोचली की नाही हे पाहणं, आणि छापून आल्यानंतरही कुणी टीका केली किंवा डेटा मागितला तर उत्तर द्यायला हजर असणं. हा हुद्दा नाही. विद्यार्थ्याच्या नावावरही चांदणी असू शकते, पहिल्या नावावरही असू शकते आणि दोघांच्या नावावर मिळूनही असू शकते.

मग आपल्याकडे ती मानाची का झाली? एक कारण थेट गुणांत आहे. प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत पेपरचे गुण वाटण्याची रीत दिली आहे. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा करस्पाँडिंग लेखकाला 70 टक्के आणि बाकी सहलेखकांना प्रत्येकी 30 टक्के. एकाच ओळीत, तिरप्या रेघांनी, तिन्ही नावं शेजारी बसवली आहेत. पत्रव्यवहाराची जबाबदारी अशी गुणांच्या तक्त्यात गेली आणि लोक तिला बक्षीस समजू लागले. माझ्या मते गोंधळाचं मूळ इथेच आहे.

माझ्या स्वतःच्या पहिल्या पेपरात मी हे महागात शिकले. खाजन म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेतं; तिथल्या मातीचा खारेपणा मोजायचं काम होतं. खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या, म्हणजे मानशीच्या, जवळचे आणि दूरचे वाफे निवडून दोन हंगाम मी नमुने घेतले, क्षारांबरोबर वाढणारी विद्युतवाहकता मोजली, मसुदा लिहिला. एका सहकाऱ्याने नकाशे केले, दुसऱ्याने आकडेमोड तपासली, गाईडनी विषय आखून दिला आणि मसुदा दोनदा कापून काढला. पहिलं नाव माझं, शेवटचं गाईडचं. चांदणी त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पेपर स्वीकारला गेला आणि प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, आलं ते फक्त त्यांच्या ईमेलवर. 48 तासांत दुरुस्त्या कळवायच्या होत्या. ते सुट्टीवर होते. मुदत टळायला नको म्हणून त्यांनी फोनवरच चाळून "ठीक आहे" असं कळवून टाकलं. छापून आल्यावर मी दुसरा तक्ता पाहिला आणि पोटात गोळा आला. वरच्या ओळीत डेसिसीमेन्स प्रति मीटरऐवजी मिलिसीमेन्स प्रति मीटर पडलं होतं. एका डेसिसीमेन्समध्ये 100 मिलिसीमेन्स. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता 4 डेसिसीमेन्सच्या वर गेली की माती खारी धरतात. माझ्या एका वाफ्यात ती 6.2 होती, छापील तक्त्यानुसार ती झाली 0.062, म्हणजे जिथे कोरगुट या खारं पाणी सोसणाऱ्या जातीशिवाय भात तग धरत नाही तिथली माती अगदी गोडी. आकडे माझे, चूक माझ्या नजरेत लगेच भरणारी, पण प्रूफ माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. दुरुस्तीचा अर्ज जर्नलने मागितला तोही चांदणीवाल्याकडूनच.

त्यांना खलनायक करायचं कारण नाही. आम्ही दोघंही चांदणीला मान समजलो, काम समजलो नाही. त्यानंतर मी प्रत्येक सहलेखकाशी एवढं आधीच ठरवते: प्रूफ ज्याने आकडे मोजले त्याच्याकडे त्याच दिवशी जाईल. आणि विद्यार्थ्याने चांदणी घ्यायची असेल तर विद्यापीठाचा ईमेल देऊ नये, किंवा सोबत कायमचा दुसरा द्यावा. पदवी मिळाल्यावर तो पत्ता बरेचदा बंद पडतो आणि तीन वर्षांनी कुणी डेटा मागितला तर पत्र परत जातं.

हितसंबंधांच्या निवेदनात हाच गोंधळ जास्त नडतो. समजा, सहलेखकांपैकी एक जण कोळंबीपालनाच्या कंपनीचा सल्लागार आहे आणि पेपरचा निष्कर्ष असा की तळ्यांमुळे शेजारच्या खाजनाचा खारेपणा वाढत नाही. निष्कर्ष खराही असू शकतो, पण वाचणाऱ्याला तो संबंध माहीत असायला हवा. वर सांगितलेल्या संपादकांच्या समितीचा फॉर्म असे संबंध मागच्या 36 महिन्यांचे विचारतो, आणि तो प्रत्येक लेखकाने स्वतः भरायचा असतो. चांदणीवाल्याचं काम ते गोळा करण्याचं आहे. बाकीच्यांना न विचारता सगळ्यांच्या वतीने "काही नाही" असं टाकणं त्याच्या अधिकारात येत नाही.

नावांचा क्रम बदलायचा झाला तर तोही एकट्या चांदणीवाल्याच्या हातात नसतो. पेपर पाठवल्यानंतर बदल हवा असेल तर जर्नल कारण विचारतं आणि सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतं. एकमत झालं नाही तर संपादक न्यायनिवाडा करत बसत नाही. तो प्रश्न लेखकांच्या संस्थेकडे पाठवतो, आणि पेपर तोवर अडकून पडतो.

भाचीला मी दुसऱ्या दिवशी विचारलं, "प्रूफ तुला दाखवलं होतं का?"

"नाही गं. का?"

"मग तक्ते आज एकदा नीट वाचून घे."