समुद्र नेमका कधी वाढतो?

जुलै २०१७ मध्ये अंटार्क्टिकातल्या ‘लार्सन सी’ या आइस शेल्फचा, म्हणजे जमिनीवरच्या बर्फाला जोडून समुद्रावर पसरलेल्या जाड बर्फाच्या थराचा, प्रचंड मोठा तुकडा तुटून वेगळा झाला. क्षेत्रफळ सुमारे ५,८०० चौरस किलोमीटर, वजन अंदाजे १,००० अब्ज टन. ए-६८ असं नाव मिळालेला हा हिमनग पुढे भरकटत साउथ जॉर्जिया बेटाजवळ पोहोचला आणि २०२१ च्या एप्रिलपर्यंत तुटून-वितळून संपला. जगभरातल्या समुद्राची पातळी त्यामुळे किती वाढली? जवळजवळ काहीच नाही.

इतकंच बर्फ जमिनीवरून समुद्रात आलं असतं तर उत्तर वेगळं असतं. साधारण ३६० अब्ज टन पाण्याने जगातले सगळे समुद्र मिळून एक मिलिमीटर वाढतात. त्या हिशेबाने १,००० अब्ज टनांचे पावणेतीन मिलिमीटर व्हायला हवे होते. पण ए-६८ तुटला तेव्हा तो आधीपासूनच तरंगत होता, आणि तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेली असते. बर्फ वितळून तयार झालेलं पाणी त्याच जागेत सामावतं. काठोकाठ भरलेल्या पेल्यातला बर्फाचा खडा विरघळला तरी पाणी सांडत नाही, ते याचमुळे.

समुद्राच्या बाबतीत यात एक बारीकशी दुरुस्ती करावी लागते. हिमनगाचं पाणी गोडं असतं आणि समुद्राचं खारं, म्हणजे थोडं जड. एक टन बर्फ सुमारे ०.९७४ घनमीटर खारं पाणी बाजूला सारतं, पण वितळल्यावर त्याचं एक घनमीटर गोडं पाणी होतं. हा फरक अडीच टक्क्यांच्या थोडा वर आहे. ए-६८ साठी तो मांडला, तर वाढ मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते.

समुद्री बर्फालाही हाच नियम लागू. आर्क्टिकवरचं हे बर्फ म्हणजे समुद्राचंच गोठलेलं पाणी, जाडी बहुतेक ठिकाणी एक ते तीन मीटर. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याचा विस्तार सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसला, पण त्याने पातळी वाढली नाही. चकाकतं बर्फ जाऊन काळं पाणी उघडं पडतं आणि ते जास्त ऊन शोषतं, हा तोटा मात्र खरा आहे.

हिमचादरीची गोष्ट निराळी. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावर हजारो वर्षं पडत राहिलेला बर्फ दाबला जाऊन काही ठिकाणी किलोमीटरांच्या जाडीचा झाला आहे. ग्रीनलंडचा सगळा वितळला तर समुद्र सात मीटरहून अधिक वाढेल, अंटार्क्टिकाचा वितळला तर सुमारे ५८ मीटर. ही चादर स्वतःच्या वजनाने किनाऱ्याकडे अतिशय संथपणे सरकत असते. जिथे तिचा तळ जमीन सोडतो आणि ती तरंगू लागते, त्या रेषेपाशी खरा हिशेब होतो. बर्फ ती रेषा ओलांडतं त्याच क्षणी समुद्रात भर पडते. ते पुढे वितळायला दोनशे वर्षं लागली तरी फरक पडत नाही. जमिनीवर तेवढाच नवा बर्फ पडत असेल तर जमाखर्च जुळतो. रेषेपलीकडे जास्त जाऊ लागलं की समुद्र चढतो.

मग तरंगतं आइस शेल्फ तुटलं तर काळजी नाही, असं म्हणता येईल का? २००२ साली ‘लार्सन बी’ने याचं उत्तर दिलं. सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचं ते शेल्फ जेमतेम पाच आठवड्यांत भुगा होऊन विखुरलं. ते तरंगतंच होतं, त्यामुळे थेट वाढ झाली नाही. पण दोन्ही बाजूंच्या किनाऱ्यांना घासत असल्यामुळे ते मागच्या हिमनद्यांना अडवून धरत होतं. हा अटकाव जाताच हेक्टोरिया, ग्रीन आणि इव्हान्स या हिमनद्यांचा वेग काही पटींनी वाढला. शेजारच्या फ्लास्क आणि लेपर्ड या हिमनद्यांसमोर शेल्फचा तुकडा शिल्लक होता. त्या तेव्हा तशा धावल्या नाहीत. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण हवामान दोन्हींकडे जवळपास एकच होतं आणि फरक होता तो फक्त समोरच्या बर्फाचा.

तरंगण्याची ती रेषा उपग्रहांच्या रडारमधून सापडते. भरती-ओहोटीबरोबर जो बर्फ वरखाली होतो तो तरंगता, जो हलत नाही तो जमिनीवर टेकलेला. वस्तुमान मोजायला २००२ पासून ‘ग्रेस’ हे जुळे उपग्रह आणि त्यांच्यानंतर आलेली जोडी वापरली जाते. गुरुत्वाकर्षणातला सूक्ष्म बदल टिपून ते बर्फाचं वजन काढतात. तरंगता हिमनग वितळला तर त्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण बर्फाच्या जागी तेवढ्याच वजनाचं पाणी आलेलं असतं. दिसते ती जमिनीवरची घट: ग्रीनलंडवर वर्षाला सरासरी सुमारे २७० अब्ज टन, अंटार्क्टिकावर १५० अब्जांच्या आसपास. म्हणजे या दोन चादरींमुळेच दरवर्षी समुद्रात मिलिमीटरहून थोडी अधिक भर पडते आहे.