मूर्तीचा तळ दाखवा: प्लास्टर, भाजकी माती, ब्राँझ की दगड, हे फोटोवरून कसे ओळखतो
(मूर्तीदुरुस्ती आणि साफसफाईसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

भुसावळ, चोपडा, शिरपूर, शहादा अशा सगळीकडून आमच्याकडे रोज फोटो येतात आणि सोबत एकच प्रश्न असतो, "भाऊ, हाई मूर्ती कसानी शे?" फोटो मात्र बहुतेक वेळा समोरून, हार घालून, फ्लॅश मारून काढलेला असतो. त्यावरून आम्हाला रंग तेवढा कळतो, आणि रंग काहीही चढवता येतो. प्लास्टरला ब्राँझचा रंग देतात, सिमेंटला गेरूचा, रेझिनला संगमरवराचा. तळाला कोणी रंगरंगोटी करत बसत नाही. म्हणून दुरुस्तीचा खर्च सांगण्याआधी आम्ही तळाचा फोटो मागतो.

फोटो कसा काढायचा

मूर्ती जुन्या चादरीवर आडवी ठेवा. फ्लॅश बंद करा. खिडकीचा उजेड एका बाजूने, तिरका पडू द्या. उजेड कमी असेल तर घरातल्या दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च तळाच्या पातळीत धरा. समोरून उजेड पडला की खड्डे, ओरखडे आणि साच्याची रेघ पुसली जाते, तिरक्या उजेडात तेच सगळे सावलीमुळे उठून दिसते. शेजारी कोरा पांढरा कागद आणि मोजपट्टी ठेवा, म्हणजे रंग आणि माप दोन्ही आम्हाला ताडता येतात. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर फोटो दाबला जातो आणि आम्हाला हवे असलेले टाचणीच्या टोकाएवढे खड्डे नेमके त्यातच नाहीसे होतात.

तीन फोटो पुरतात: पूर्ण तळ, तळाची कड जवळून, आणि कुठे टवका उडाला असेल तर तो. टवका नसेल तर नवा पाडू नका. हे सांगावे लागते, कारण लोक पाडतात.

तळाला मखमल किंवा फेल्ट चिकटवलेले असेल तर एका कोपऱ्यातून बोटभर सोडवा. आपल्याकडच्या मे महिन्यात डिंक बऱ्याचदा आपोआप सुटलेला असतो.

प्लास्टर

पीओपीची मूर्ती उलट्या साच्यात ओततात. म्हणजे मूर्तीचा तळ हे साच्याचे तोंड असते. प्लास्टर घट्ट होत आले की वरून पट्टी फिरवून ते सपाट करतात, त्यामुळे तळावर एका दिशेने गेलेले पुसट ओरखडे दिसतात. पट्टी नीट फिरवली नसेल तर लाटेसारखा उंचसखलपणा राहतो. कालवताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे बारीक गोल खड्डे सोडतात, आणि ते रिकामे असतात. मूर्ती मोठी असेल तर आतून काथ्याचे तंतू बाहेर आलेले दिसतात. तंतू दिसला की आम्ही फार विचार करत नाही.

कड जवळून पाहिली की रंग तळाच्या काठावर येऊन थांबलेला दिसतो, एखाद-दुसरा ओघळ किंवा ब्रशचा फटकारा तळावर वळलेला असतो. टवक्यात पांढरा, मळकट, अजिबात चमक नसलेला भाग असतो.

पण आत पांढरे दिसले म्हणजे प्लास्टरच, असे नाही. संगमरवराची पूड घालून केलेले रेझिनही आत पांढरे असते. फरक टवक्याच्या काठाला कळतो. रेझिनचा काठ मेणचट आणि किंचित चमकदार असतो, प्लास्टरचा भुसभुशीत. तळाचा कोपरा काळ्या कागदावर हलकेच ओढा आणि कागदाचा फोटो पाठवा. प्लास्टर खडूची रेघ उमटवते, कारण जिप्सम इतके मऊ असते की त्यावर नखही उठते. रेझिन आणि संगमरवर अशी रेघ सोडत नाहीत.

भाजकी माती

टेराकोटाची मूर्ती बहुधा आतून पोकळ आणि खालून उघडी असते. माती भरीव आणि जाड ठेवली तर भट्टीत आतल्या ओलाव्याची वाफ होऊन मूर्ती फुटते. म्हणून भिंत साधारण सारख्या जाडीची ठेवतात आणि तळाला किंवा पाठीमागे हवेसाठी भोक ठेवतात. आत टॉर्च मारून फोटो काढलात तर माती दाबतानाचे बोटांचे ठसे आणि दोन अर्धे जोडल्याची रेघ दिसेल. हे ठसे दिसले की शंका उरत नाही.

तुटलेली कड असेल तर तिचा फोटो नक्की काढा. बाहेरून विटकरी आणि मधोमध राखाडी-काळी पट्टी दिसली तर ती भाजकी मातीच. भट्टीत हवा कमी पडली की मातीतला पालापाचोळा आतपर्यंत पूर्ण जळत नाही, त्याची ती काळी पट्टी. रंग आरपार विटकरी असेल तर भाजणी पूर्ण झाली आहे, तेही टेराकोटाच. टवक्यात पांढरे निघाले तर गेरूचा रंग दिलेले प्लास्टर, आणि राखाडी रंगात वाळूचे कण दिसले तर सिमेंट.

भाजलेली आणि नुसती वाळवलेली माती यांत गल्लत करू नका. गुलाबाई-गुलोजीच्या मातीच्या जुन्या जोड्या काही घरांत विसर्जन न करता जपून ठेवतात, त्या बहुधा कच्च्या मातीच्या असतात. तळाला भेगांचे जाळे आणि मातीत मिसळलेला भुसा किंवा काथ्या दिसतो. तिथे ओले बोट लावलेत तर चिखल होतो, आणि ओल्या फडक्याने पुसलीत तर मूर्तीचे नाक जाते. भाजलेली माती पाणी शोषून गडद होते, विरघळत नाही. रंगवलेल्या भागावर मात्र पाणी कुठल्याच मूर्तीला लावू नका.

ब्राँझ आणि त्याच्यासारखे दिसणारे

आधीच सांगतो, ब्राँझ की पितळ हे आम्ही फोटोवरून सांगत नाही. एकात तांब्याबरोबर कथील असते, दुसऱ्यात जस्त, आणि वर काळसर थर चढला की दोन्ही सारखीच दिसतात. तळावरून कळते ते एवढेच की वस्तू ओतीव तांब्याच्या मिश्रधातूची आहे की नाही.

मोठी ओतीव मूर्ती पोकळ असते. तळाकडून पाहिले की धातूची काही मिलिमीटर जाडीची भिंत दिसते, आतला भाग खडबडीत असतो आणि खाचांत ओतकामाच्या वेळची काळी, जळकी माती अडकलेली असते. टेबलावर घासून कड पिवळी किंवा तांबूस झालेली असते, तिच्यावर कानशीचे आडवे ओरखडे असतात. देवघरातल्या लहान मूर्ती भरीव असतात. पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासून त्यांचे नाक-डोळे झिजलेले असतात, तळाच्या खळग्यात मात्र जुना काळपटपणा तसाच राहतो.

हिरवटपणा कुठे आहे, ते पाहा. खरा कळंक ओल धरणाऱ्या जागी साचतो: वस्त्राच्या चुण्या, काखेची खाच, तळाचा आतला काठ. जिथे हात लागतो तो भाग उघडा पडून उजळतो. गुडघ्यावर, नाकावर आणि खाचेत सगळीकडे सारखाच हिरवा रंग असेल, तर तो बहुतेक ब्रशने लावलेला आहे.

टवक्यात राखाडी धातू दिसला तर ते जस्ताचे ओतकाम. अशा मूर्ती साच्यात धातू ओतून, कडेला थर धरला की उरलेला बाहेर काढून घेऊन करतात. त्यामुळे आतली बाजू लाटेसारखी गुळगुळीत असते, ओतकामाची माती नसते. लोहचुंबकाचा इथे फारसा उपयोग नाही. तो ब्राँझला चिकटत नाही, आणि जस्ताला, प्लास्टरला, रेझिनलाही नाही.

एक उदाहरण

चोपड्याकडून साधारण फूटभर उंचीच्या समईधारी स्त्रीच्या मूर्तीचे फोटो आले. घरच्यांचे म्हणणे, जड आहे म्हणजे ब्राँझच. समोरच्या फोटोत रंग तपकिरी, खाचांत हिरवट, सगळे अगदी हवे तसे. तळाला हिरवे फेल्ट होते.

फेल्टचा कोपरा सोडवून तिरक्या उजेडात काढलेला फोटो मागवला. त्यात काठाला कागदाएवढी पातळ तांबूस रेघ आणि तिच्या आत सगळे पांढरे, त्यावर गोल रिकामे खड्डे. कोपराजवळच्या टवक्यातही तेच: तांब्याचे पापुद्रे जरासे वर उचललेले आणि खाली पांढरा, भुसभुशीत भाग. काळ्या कागदावर खडूची रेघ उमटली. म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेले तांब्याचे पातळ कवच आणि आत प्लास्टर.

वजनाने त्यांना फसवले, कारण ब्राँझची मूर्ती पोकळ असते आणि ही गच्च भरलेली होती. दोघींचे वजन फारसे वेगळे भरत नाही. बाजारातल्या काही चांदीच्या मूर्तीही अशाच असतात, वरून चांदीचे पातळ कवच आणि आत रेझिन. अशा मूर्तीला चिंच लावायची नाही आणि पाण्यातही घालायची नाही. तांबे झिजते, टवक्यातून ओल आत जाते आणि प्लास्टर फुगून कवच सोडते. आम्ही फक्त टवका भरून, रंग जुळवून दिला.

दगड

दगडाला साच्याची रेघ नसते. तळ कोणाला दिसणार नाही म्हणून कारागीर तो टाकीने खडबडीतच सोडतो, ठोक्यांचे घाव तिरक्या उजेडात मोजता येतात. यंत्राने कापलेल्या तळावर समांतर किंवा गोलाई घेतलेल्या रेघा असतात. संगमरवराच्या ताज्या टवक्यात खडीसाखरेसारखे चमकते दाणे दिसतात.

काळ्या दगडात गोंधळ होतो. आपला खानदेश बेसाल्टच्याच थरांवर वसला आहे आणि त्या दगडातही बुडबुडे असतात, लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूचे. ते पाहून काही जण "ओतीव आहे" असे ठरवतात. बेसाल्टमधले बुडबुडे लहान-मोठे, बरेचसे बदामाच्या आकाराचे आणि पुष्कळदा पांढऱ्या खनिजाने भरलेले असतात. प्लास्टर-रेझिनमधले बारीक, गोल आणि रिकामे.

शेंदूर चढवलेल्या मूर्तीबाबत पृष्ठभागाचा फोटो निरुपयोगी आहे. तळच पाठवा, आणि शेंदूर घरी खरवडू नका. जुन्या शेंदरात शिसे असते, त्याची भुकटी नाकातोंडात जाऊ नये.

शेत नांगरताना किंवा विहीर खणताना निघालेली मूर्ती आमच्याकडे आणू नका, धुवूही नका. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तसा 1878 चा कायदा आहे. आधी तहसील कार्यालयात कळवा. तिथून काय ठरते ते कळेपर्यंत आम्ही अशा मूर्तीला हात लावत नाही, मग ती कशाचीही असो.