फर, कृत्रिम फर आणि शिअरलिंग

थंडीच्या कोटाच्या कॉलरला, बाह्यांच्या काठांना किंवा आतून लावली जाणारी तीन प्रकारची केसाळ सामग्री. पुण्यात हिवाळ्यातला पारा साधारण दहा अंशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे असे कोट इथे बहुधा परदेशी किंवा हिमालयात जाणारेच घेतात. लेबलवर ‘फॉक्स फर’ असे मराठीत लिहिले, की कोल्ह्याची फर असा समज होतो. मूळ फ्रेंच शब्द ‘faux’, त्याचा उच्चार ‘फो’ आहे आणि अर्थ ‘खोटी’, म्हणजे ही कृत्रिम फरच.

खऱ्या फरमध्ये केसांचे दोन थर असतात: खाली दाट, मऊ लव आणि तिच्यावर लांब, चकचकीत राठ केस. या केसांची टोके निमुळती असतात. मिंक या मुंगसासारख्या लहान प्राण्याचे केस दोन-अडीच सेंटिमीटरचे, त्यामुळे त्याची फर अंगाबरोबर वळते. कोल्ह्याचे पाच सेंटिमीटर किंवा जास्त, म्हणून ती फुलून राहते.

कृत्रिम फर म्हणजे विणलेल्या कापडात रोवलेले अॅक्रिलिकसारखे तंतू. टोके बहुधा बोथट असतात. मात्र कातरलेल्या खऱ्या फरची टोकेही बोथटच दिसतात, म्हणून केस बाजूला करून बूड पाहावे. तिथे जाळीदार विणकाम दिसले तर कृत्रिम, कातडी दिसली तर खरी.

शिअरलिंग हे लोकरीसकट कमावलेले मेंढीचे कातडे. लोकर कातरून एकसारखी केलेली असते, साधारण अर्धा ते दीड सेंटिमीटर. ती आतल्या बाजूला येते आणि बाहेर मखमली कातडे. अस्तर लागत नाही, पण वजन आणि ताठपणा दोन्ही वाढतात.

खरा फरक कॉलरच्या घडीवर कळतो. दहा सेंटिमीटर रुंदीची कॉलर पाच सेंटिमीटर केसांच्या कृत्रिम फरची केली, तर काठावरचे केस बाहेर पसरून ती बरीच रुंद दिसते आणि बुटक्या मानेला गिळून टाकते. अशा वेळी कॉलरच दीड-दोन सेंटिमीटर अरुंद कापलेली बरी. घडीवर केस दुभंगतात. ते विरळ असतील तर मागचे कापड डोकावते, म्हणून घेण्याआधी तुकडा बोटावर दुमडून पाहावा. शिअरलिंगची कॉलर उलट गोलसर, भरीव उभी राहते. तिच्या शिवणी लपत नाहीत आणि सुईचे भोक कायमचे राहते, त्यामुळे उसवून पुन्हा शिवायला वाव कमी.

कृत्रिम फर कात्रीने सरळ कापली की केसही छाटले जातात आणि शिवणीवर टक्कल पडते. जाणता शिंपी उलट बाजूने पात्याने फक्त कापड चिरतो, केसांचा ओघ खाली ठेवतो आणि शिवल्यावर सांध्यात अडकलेले केस दाभणाने ओढून काढतो. इस्त्री मात्र दूरच ठेवावी. उष्णतेने टोके वितळून गुंतली की ती पुन्हा सुटत नाहीत.