दुसरी ओळ म्हणजे पुनरुक्ती नव्हे

“बायबलमधल्या स्तोत्रांत दुसरी ओळ पहिलीचाच अर्थ वेगळ्या शब्दांत सांगते ना? मग एकच ओळ समजावली तर चालेल?”

नाही चालणार. हा समज हिब्रू काव्याचे अभ्यासक रॉबर्ट लाउथ यांच्या १७५३ सालच्या वर्गीकरणातून रुजला. त्यांनी जोडीच्या ओळींमधल्या नात्याचे समानार्थी, विरोधी आणि रचनात्मक असे तीन प्रकार मांडले. पुढे ‘समानार्थी’ म्हणजे तंतोतंत तेच, असं लोकांनी धरलं. बायबलचे अभ्यासक जेम्स कुगेल यांनी १९८१ मध्ये दाखवलं की दुसरी ओळ बहुतेकदा पहिलीला पुढे नेते.

स्तोत्र १२१:३-४ पाहा. आशय असा: तो तुझा पाय घसरू देणार नाही, तुझा रक्षक डुलकी घेणार नाही. इथे दुसरी ओळ पहिलीचं कारण देते: राखणारा जागा आहे, म्हणून पाय घसरत नाही. पुढच्या वचनात ‘डुलकी’ परत येते, तिला ‘झोप’ जोडली जाते आणि ‘तुझा’ रक्षक ‘इस्राएलाचा’ होतो. एका वाटसरूचा भरवसा सगळ्या लोकांचा होतो. हे मला फार मोलाचं वाटतं, आणि एकच ओळ शिकवली की नेमकं हेच हरवतं.

वर्गासाठी स्तोत्र १०३:७ घ्या. आशय असा: त्याने आपले मार्ग मोशेला कळवले, आपली कृत्यं इस्राएलाच्या संततीला. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून जोड्या लावा: मार्ग–कृत्यं, मोशे–इस्राएलाची संतती. ‘कळवले’ला जोडीदार नाही, ते क्रियापद दोन्ही ओळींना पुरतं. मग दुसरी ओळ झाकून विचारा, काय गेलं? “काहीच नाही” असं उत्तर आलं, तर मार्ग कोणाला कळले आणि कृत्यं कोणाला, हे विचारा.