भरतीच्या वेळेचं रोहितदर्शन (नवी मुंबई)

नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर, म्हणजे डीपीएस तलाव, एनआरआय आणि टीएस चाणक्य परिसरात, हिवाळा ते मे या काळात शनिवार-रविवारी सकाळी फ्लेमिंगो (रोहित, अग्निपंख) बघायला जायची पद्धत. इथे दिसतात ते बहुतेक लहान रोहित, चोच गडद लाल. गुलाबी चोचीला फक्त टोकाशी काळं असेल तर तो मोठा रोहित.

हे पक्षी मुंबईत कधीपासून येतात यावर एकमत नाही. मोठे थवे साधारण 1990 च्या दशकात शिवडीच्या चिखलावर दिसू लागले असं सहसा मानतात, तुरळक नोंदी त्याआधीच्याही असाव्यात. का आले, तर काहीजण कच्छकडच्या बदललेल्या परिस्थितीकडे बोट दाखवतात, काहीजण सांडपाण्यामुळे खाडीत वाढलेल्या शेवाळाकडे. लहान रोहिताचं मुख्य खाणं सूक्ष्म शेवाळ हेच असल्याने दुसरं कारण जास्त पटतं, पण दोन्ही एकत्रही असू शकतील. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला.

नुसतं पहाटे उठून इथे भागत नाही, भरती बघावी लागते. ओहोटीला पक्षी खाडीच्या उघड्या चिखलावर दूरदूर चरत असतात, पाणी चढलं की चिखल बुडतो आणि मग ते उडून या तलावांवर येऊन थांबतात. कोळ्यांचा जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजे तास मिळतो. म्हणजे रविवारी एकादशी असेल तर भरती सव्वाआठच्या आसपास (खाडीत आत जरा उशिरा), तर सात वाजता बांधावर हजर राहायचं आणि थवे येताना बघायचे. पुढच्या रविवारी मात्र तिथी तृतीयेच्या जवळ गेलेली असते, भरती दुपारी सव्वादोनला, आणि सकाळी आठला बरोब्बर ओहोटी, तलाव जवळपास रिकामा! त्यामुळे एक रविवार सोडून एक धरावा. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते खरी पण ती भांगाची, पाणी कमी चढतं, चिखल पूर्ण बुडत नाही आणि पक्षीही कमी येतात, म्हणून एकादशी ते त्रयोदशी बरी. निघण्याआधी छापील भरतीचं कोष्टक बघावंच, हा हिशोब ढोबळ आहे.

तलावावर आलेला थवा विश्रांतीला आलेला असतो, एका पायावर उभा, मान पिसांत खुपसलेली. त्याला उठवलं तर जायला जागा नसते कारण चिखल पाण्याखाली असतो, उगाच उडण्यात ताकद जाते. एकदम बऱ्याच माना वर झाल्या आणि सगळे एकाच दिशेने चालायला लागले की समजायचं आपण फार जवळ आलोय, तिथेच थांबून सावकाश मागे सरकायचं, उडायची वाट बघायची नाही. फोटोसाठी टाळ्या, दगड, ड्रोन अजिबात नको. खाली चिखलात उतरू नये, कुत्रा सोबत आणू नये, आणि मॉर्निंग वॉकवाल्यांची वाट ट्रायपॉडने अडवू नये.

तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली की तो आटतो आणि थवे फिरकेनासे होतात, डीपीएसला 2024 मध्ये हा प्रश्न गाजला होता.